उष्णतेचा त्रास

ते पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा तक्रार दम लागण्याची होती. वय ५२. दुकानदार, सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत गल्ल्यावर. वरच्या फळीवरचा माल काढायला शिडीच्या चार पायऱ्या चढलं की छातीत धडधडतं, डोळ्यांसमोर अंधारी येते. सोबत पंचविशीतला मुलगा होता. खालची पापणी ओढून पाहिली तर आतली बाजू पांढुरकी, नखं चपटी आणि ठिसूळ झालेली. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.४, तांबड्या पेशी लहान आणि फिकट, फेरिटिन ६. म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला.

पन्नाशीच्या पुरुषाचं लोह सहसा आपोआप संपत नाही. कुठून तरी रक्त जात असतं, आणि बहुतेक वेळा ते पोटातून किंवा आतड्यातून जातं. हे माहीत असल्यामुळेच मी विचारलं, "शौचाला साफ होतं ना? रक्त वगैरे पडत नाही ना?"

"नाही, नाही. सगळं साफ."

प्रश्नच असा होता की 'नाही' म्हणणं सोपं जावं. शेजारी मुलगा बसला होता, हातात वडिलांची फाईल. मी कागदावर 'रक्तस्राव नाही' असं लिहिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि दुर्बिणीतून आतड्याची तपासणी करून घ्या म्हणालो. "सीझन संपला की बघू," ते म्हणाले. मीही फार ताणून धरलं नाही. ही माझी चूक होती, आणि तिची किंमत त्यांनी पुढचे सहा आठवडे रोज मोजली.

सहा आठवड्यांनी ते परत आले. हिमोग्लोबिन ७.९. लोहाच्या गोळ्या नीट लागू पडल्या तर तीन-चार आठवड्यांत साधारण दोन ग्रॅमने वाढ दिसायला हवी. इथे अर्धा ग्रॅम. गोळ्या घेतच नसतील असं आधी मनात आलं, पण ते स्वतःच म्हणाले, "गोळी सुरू केल्यापासून काळं होतं, डॉक्टर. चालेल ना ते?" लोहाच्या गोळीने शौच काळी होते, म्हणजे गोळी पोटात जात होती. मग जेवढं लोह आत जातंय, जवळपास तेवढंच कुठून तरी बाहेर पडतंय.

त्या दिवशी मुलगा गाडी लावायला गेला होता आणि खोलीत आम्ही दोघेच होतो. माझं लक्ष त्यांच्या बसण्याकडे गेलं. खुर्चीच्या अगदी कडेवर, सगळा भार डाव्या कुल्ल्यावर, उजवा हात टेबलाच्या काठावर घट्ट. काळी पँट. मागच्या वेळीही काळीच होती. मी मदतनीसाला सांगितलं की हाक मारेपर्यंत कुणालाही आत सोडू नका, मुलालासुद्धा नाही. दाराला कडी लावली आणि परत येऊन बसलो.

"संडासात लाल रंग दिसतो, तो रोज दिसतो की अधूनमधून?"

बराच वेळ ते टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "थोडा उष्णतेचा त्रास आहे."

"किती दिवस?"

"चार वर्षं."

आणि मग ते थांबलेच नाहीत. सुरुवातीला महिन्यातून एकदा थेंब. आता रोज, शौच झाल्यावर टपटप, कधी बारीक धार. दुखत नाही, म्हणून काही गंभीर नसेल असं वाटलं. गेल्या वर्षीपासून मोड बाहेर येतो, तो बोटाने आत ढकलावा लागतो. गल्ला सोडून सारखं उठता येत नाही म्हणून शौचाची भावना आली तरी दाबून ठेवायची, पाणी कमी प्यायचं. मग कडक होतं, कुंथावं लागतं, पुन्हा रक्त. शेजारीच औषधाचं दुकान आहे, पण तिथला मालक रोजचा ओळखीचा. म्हणून मलम आणायला गाडीवरून दूरच्या भागात जायचे आणि वडिलांसाठी हवंय म्हणून सांगायचे. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती.

हे शेवटचं वाक्य सांगताना त्यांचा आवाज बसला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि न पिता हातात धरून ठेवला.

मनातल्या मनात मी हिशेब मांडला. निरोगी माणसाच्या एक मिलिलीटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. रोजच्या अन्नातून शरीर साधारण एक ते दोन मिलिग्रॅम लोहच उचलतं. रोज दोन चमचे रक्त गेलं तर पाच मिलिग्रॅम लोह गेलं. दोन चमचे डोळ्यांना काहीच वाटत नाहीत, पण महिनोन् महिने असं चाललं की साठा रिकामा होतो. बरं, हे हळूहळू होत असल्यामुळे शरीर सवय करून घेतं आणि माणूस ७.४ वरही दुकान चालवत राहतो.

तपासायला हवं, असं मी म्हटल्यावर ते खुर्चीतून अर्धे उठले. "आज नको." मग मी काय होणार ते क्रमाने सांगितलं. डाव्या कुशीवर वळून झोपायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे. पँट पूर्ण काढायची नाही, मागून फक्त खाली करायची, अंगावर चादर राहील. तोंड भिंतीकडे. आधी बोटाने तपासणी, मग अंगठ्याएवढी जाड छोटी नळी. दोन-तीन मिनिटं. थांबा म्हणालात की थांबेन. कुणीही आत येणार नाही, कडी तुम्हीच एकदा बघून घ्या. ते उठले आणि खरोखरच कडी ओढून पाहून आले.

बोटाने मूळव्याध कळते असा पुष्कळांचा समज असतो. आतला मोड मऊ असतो, दाबला की चपटा होतो, त्यामुळे बोटाला सहसा लागत नाही. बोटाने पाहायचं ते काही टणक, खडबडीत हाताला लागतंय का, कारण गुदाशयाचा कॅन्सरही असाच लाल रक्ताने सुरू होऊ शकतो. तसं काही नव्हतं. मग नळी घातली, आतला दांडा काढला, आणि ती हळूहळू बाहेर घेताना त्यांना थोडं कुंथायला सांगितलं. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजतात त्या तीन, सात आणि अकराच्या जागी तीन जांभळट फुगवटे नळीच्या तोंडाशी उतरले. अकराच्या जागच्या फुगवट्यावरून माझ्या डोळ्यांदेखत एक थेंब जमला आणि ओघळला. बाहेरची कातडी पातळ, चकचकीत आणि ओरखडलेली होती. त्या मलमात बधिर करणारं औषध आणि स्टिरॉइड होतं. असं मलम आठवडाभराच्या वर लावायचं नसतं, यांनी दोन वर्षं लावलं होतं. खाज वाढली की आणखी मलम, मलमाने पुन्हा खाज.

पट्टा लावता लावता त्यांनी विचारलं, "मग सापडलं ना कारण? आता दुर्बीण नको ना?"

इथे मात्र या वेळी मी हटलो नाही. मूळव्याध दिसली म्हणून वर दुसरं काही नाही असं होत नाही. एकाच माणसाला मोडही असू शकतात आणि आतड्यात गाठही. बावन्नाव्या वर्षी, एवढं लोह गेलेलं असताना, समोर दिसणाऱ्या मोडावर सगळं ढकलून मोकळं होणं मला मान्य नव्हतं. अडचण वेगळीच निघाली. दुर्बिणीच्या वेळी गुंगीचं औषध देतात, त्यानंतर एकट्याने घरी जाता येत नाही. सोबत कुणीतरी लागतं. म्हणजे घरी सांगावं लागणार.

"मुलाला मी सांगू की तुम्ही?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगा. मी इथेच बसतो."

मुलगा आत आला. मी तीन वाक्यांत सांगितलं. तो वडिलांकडे न बघता म्हणाला, "मला माहीत आहे. गल्ल्यावरच्या उशीचा अभ्रा दर दोन-तीन दिवसांनी मीच बदलतो."

सहा आठवड्यांपूर्वी याच दोन खुर्च्यांवर दोघांना शेजारी बसवून मी तो प्रश्न विचारला होता.

पुढचं पटापट झालं. दुर्बिणीच्या दोन्ही तपासण्या, वरून जठराची आणि खालून मोठ्या आतड्याची, स्वच्छ निघाल्या. लोह शिरेतून दिलं, कारण गोळ्यांनी बद्धकोष्ठता वाढत होती आणि कुंथणं तर थांबवायचं होतं. इसबगोल भरपूर पाण्यासोबत, संडासात पाच मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नाही, भावना आली की गल्ला मुलाकडे देऊन उठायचं. मलम बंद.

सर्जनने मोडांना रबराची कडी लावली, दोन खेपांत, मध्ये सहा आठवडे सोडून. ती मोडाच्या बुडाशी, गुदद्वाराच्या आत थोडी वर बसवतात. तिथे कातडीसारखी वेदना कळत नाही, म्हणून भूल लागत नाही, नुसता दाब जाणवतो. लावताक्षणी जोरात दुखलं तर कडी खाली बसली असं समजून काढावी लागते. आवळलेला भाग पाच ते दहा दिवसांत सुकून गळतो आणि त्या वेळी थोडं रक्त दिसतं. ताप आला, लघवी अडली किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, तर रात्र असो की दिवस, लगेच यायचं, कारण तिथला संसर्ग क्वचितच होतो पण झाला तर जिवावर बेततो. हे मी त्यांच्याकडून परत म्हणून घेतलं.

पहिल्या खेपेनंतर आठव्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. मागून दुकानातला गलका ऐकू येत होता, कुणीतरी भाव विचारत होतं.

"डॉक्टर, आज शौचाला रक्त आलं. सात-आठ थेंब, लाल, मग आपोआप थांबलं. ताप नाही, लघवी साफ, दुखत नाही." आणि मग तोंड फोनपासून न हलवता गिऱ्हाईकाला म्हणाले, "एक मिनिट थांबा हं, डॉक्टरांशी बोलतोय."