ओळीत लावलेले फासे

आमच्या बॅकअपच्या डिस्क एनक्रिप्ट केलेल्या असतात आणि त्यांचा पासफ्रेज दोघांकडेच असतो, एक बनवणारा आणि दुसरी त्याने डिस्क उघडते का बघणारी, म्हणजे मी. यावेळी पासफ्रेज बनवायचं काम टीममधल्या नवीन मुलाकडे होतं. मी त्याला पाच फासे दिले, ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेची 7776 शब्दांची यादी छापून दिली आणि सांगितलं की पाच अंक आले की यादीत तो नंबर शोध, समोरचा शब्द लिही, असं सहा वेळा कर. एवढंच सांगितलं, आणि तिथेच माझी चूक झाली.

दोन दिवसांनी मी बंद पाकीट उघडलं, सहा शब्द टाइप केले, डिस्क उघडली. काम झालं होतं खरं, पण कागद परत ठेवताना शब्दांकडे पुन्हा नजर गेली आणि काहीतरी खटकलं. यादी अक्षरांच्या क्रमाने लावलेली असते, 11111 ला abacus आणि 66666 ला zoom, आणि या सहा शब्दांत एकही शब्द एमच्या पुढच्या अक्षराचा नव्हता, सगळे यादीच्या सुरुवातीचेच. आता सहा शब्द योगायोगाने सुरुवातीच्या पानांवरचे येऊ शकतात, त्यावरून लगेच कुणाला बोलायचं नसतं. म्हणून मी नंबर काढायला बसले. ते छापील यादीवरच काढले, कॉम्प्युटरवर grep कमांडने शोधले नाहीत, कारण मग पासफ्रेजचे शब्द शेलच्या हिस्टरीत पडले असते.

नंबर निघाले ते असे: 11245, 12336, 22456, 11356, 13446, 23355. हा पासफ्रेज आता कुठेच चालत नाही म्हणून इथे देतेय. सहाही नंबरांचा पहिला अंक 1 किंवा 2 आहे, आणि असं 729 मध्ये एकदा होऊ शकतं, म्हणजे तेवढ्यावर मी गप्प बसले असते. पण एकेक नंबर डावीकडून उजवीकडे वाचून बघा, अंक कुठेच कमी होत नाही, एकतर तोच राहतो किंवा वाढतो. फाशांनी खरोखर आलेल्या नंबरांत असा चढता नंबर 31 मध्ये जेमतेम एक असतो, आणि सलग सहा तसेच येणं म्हणजे 86 कोटींत एकदा. इथे माझी खात्री पटली.

त्याला बोलावलं आणि म्हटलं, "अरे, फासे कसे टाकलेस ते जरा करून दाखव." त्याने पाचही फासे मुठीत हलवून ट्रेमध्ये टाकले, पडले 5 2 6 1 2, आणि मग अगदी सहज, हाताला सवय असल्यासारखे ते बोटाने सरकवून ओळीत लावले, 1 2 2 5 6. "असे लावून घेतले की वाचायला सोपे जातात आणि चूक होत नाही," तो म्हणाला. त्याचा हेतू चांगलाच होता, वाचताना गोंधळ नको म्हणून केलेलं. फासे अगदी नीट हलवले होते, एकही शब्द मनाने निवडला नव्हता, फक्त लावताना जे गेलं ते त्याला दिसत नव्हतं.

मग दोघांनी कागदावर हिशोब मांडला. एका फाशाच्या सहा शक्यता, पाच फाशांच्या 6×6×6×6×6 म्हणजे 7776, आणि पासफ्रेज ओळखायला किती अवघड ते ज्यात मोजतात ते बिट म्हणजे या आकड्याचा 2 च्या पायाने घेतलेला लॉग:

```
log2(7776)     = 12.925
6 * log2(7776) = 77.5
log2(252)      = 7.977
6 * log2(252)  = 47.9
```

खालच्या दोन ओळी त्याच्या पद्धतीच्या. फासे चढत्या क्रमाने लावले की 52612, 12256, 62215 हे सगळे एकाच नंबरावर येऊन पडतात, आणि असे वेगवेगळे नंबर उरतात फक्त 252. यादीतले बाकीचे सात हजारांवर शब्द कधी येणारच नाहीत. त्यात हे 252 सुद्धा सारख्या वेळा येत नाहीत: 11111 यायला एकच वाट आहे, पण 12345 यायला 120 वाटा आहेत. हे धरून सरासरी काढली तर शब्दामागे साधारण 7.6 बिट उरतात, सहा शब्दांचे 45 च्या आसपास. म्हणजे 77 वरून 45, आणि प्रत्येक बिटला शक्यता दुप्पट होते हे लक्षात घेतलं तर 32 बिटांचा फरक म्हणजे चारशे कोटींहून जास्त पट कमकुवत.

तो म्हणाला, "पण मी पासफ्रेज किती मजबूत ते दाखवणाऱ्या एका मीटरमध्ये तपासला होता, एकदम हिरवा आला." (खरा पासफ्रेज कुठल्याही मीटरमध्ये टाकायचा नसतो, हे त्याला वेगळं सांगितलं.) मीटरला फक्त लांबलचक अक्षरांची ओळ दिसते, हात ट्रेमध्ये काय करत होता ते त्याला कळत नाही. डाइसवेअरचे, म्हणजे फाशांनी शब्द निवडायच्या या पद्धतीचे, बिट मोजायचे ते शब्द कसे आले यावरून, आणि हल्लेखोराला आपली यादी आणि पद्धत दोन्ही माहीत आहेत असं धरून. तसं धरलं आणि तो सेकंदाला एक हजार कोटी अंदाज लावतोय म्हटलं, तर 252 नंबरांवरचे सहा शब्दांचे सगळे पासफ्रेज सात तासांत संपतात. नीट बनवलेल्याला त्याच वेगाने सरासरी साडेतीन लाख वर्षं लागली असती. आमच्या डिस्कवर अर्गॉन2 आहे, प्रत्येक अंदाजाला मुद्दाम वेळ आणि मेमरी खाणारा, म्हणून प्रत्यक्षात सात तास नक्कीच नाहीत, पण त्या भरवशावर बॅकअप ठेवायची माझी तयारी नव्हती.

मग नवीन बनवायला घेतला. यावेळी आधी ठरवलं की एकच फासा पाच वेळा टाकायचा आणि पडेल तो अंक लगेच लिहायचा, त्यामुळे क्रमाचा प्रश्नच उरत नाही. पाच एकदम टाकायचे असतील तर ट्रेमध्ये जसे पडले तसे डावीकडून वाचायचे, हे टाकायच्या आधीच ठरलेलं हवं. चौथा शब्द त्याला स्पेलिंगला अवघड वाटला, म्हणाला "हा बदलू का?" मी नाही म्हटलं. आवडेपर्यंत एकेक शब्द बदलत बसलं की आपली आवडनिवड त्यात शिरते. फारच नको असेल तर सहाच्या सहा टाकून नव्याने सुरुवात करायची, दोन पूर्ण पासफ्रेजमधून एक निवडला तर जास्तीत जास्त एकच बिट जातो. त्याने तोच शब्द ठेवला आणि चार वेळा लिहून पाठ केला.

माझा उरलेला दिवस मात्र डिस्कमध्ये गेला. luksChangeKey या कमांडने पासफ्रेज बदलला तरी डेटा एनक्रिप्ट करणारी आतली खरी की तीच राहते, आणि आम्ही हेडरचा, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीच्या ज्या भागात ती की पासफ्रेजने बंद करून ठेवलेली असते त्याचा, बॅकअप दुसऱ्या ठिकाणी ठेवला होता, तो जुन्या कमकुवत पासफ्रेजने उघडतो आणि त्यातून तीच की मिळते. म्हणून आधी पासफ्रेज बदलला, मग नव्या कीने सगळी डिस्क पुन्हा एनक्रिप्ट करायला `cryptsetup reencrypt` लावलं, ते रात्रभर चाललं. सकाळी नव्या हेडरचा बॅकअप घेतला, जुना पुसला, आणि नव्या पाकिटातला कागद आधी त्याने आणि मग मी वेगवेगळा टाइप करून डिस्क उघडून बघितली. पुढच्या वेळच्या सूचनांच्या कागदावर त्याने स्वतःच्या हाताने एक ओळ घातलीय, "फासे सरकवू नका".