आमची वाटचाल : चाळीस सेकंदांचा खंड

2016 साली आम्ही दोघांनी कोल्हापुरात सॉफ्टवेअर चाचणीचे काम सुरू केले, तेव्हा चॅट तपासण्याची आमची पद्धत अगदी साधी होती. वाय-फाय बंद करायचे, पुन्हा सुरू करायचे आणि संदेश येतो का ते पाहायचे. शेतमाल खरेदी करणाऱ्या एका ग्राहकाचे वेबसॉकेटवरील, म्हणजे सर्व्हरशी सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवरील, चॅट या चाचणीत उत्तीर्ण झाले आणि महिनाभरात तक्रार आली. व्यापाऱ्याने आधी "भाव 18 धरा" आणि नंतर "नको, 16 धरा" असे लिहिले होते, पण खरेदीदाराच्या पडद्यावर 18 शेवटी आले. ती चूक आमच्या नजरेतून सुटली याचे मला फार वाईट वाटले.

वाय-फाय बंद केले की ब्राउझरला ते लगेच कळते. गावाकडच्या नेटवर्कमध्ये मात्र डेटाची पाकिटे नुसती हरवतात, सॉकेट उघडेच दिसते आणि पाठवताना चूकही येत नाही. ही स्थिती निर्माण करण्यासाठी आम्ही चाचणीच्या सर्व्हरवर येणारी पाकिटे 40 सेकंद टाकून दिली :

```
sudo iptables -A INPUT -p tcp --dport 8080 -j DROP
sleep 40
sudo iptables -D INPUT -p tcp --dport 8080 -j DROP
```

या खंडात पहिला संदेश पाठवला. उत्तर येत नाही हे पाहून ॲपने जुने सॉकेट बंद न करताच नवे जोडायला घेतले आणि वाट मोकळी होताच दुसरा संदेश त्यावरून पोहोचला. जुन्या सॉकेटवरचा पहिला संदेश ऑपरेटिंग सिस्टिमकडे अडकलेला होता. ही पाकिटे पोहोचवणारी टीसीपी ही पद्धत प्रत्येक अपयशानंतर पुढच्या प्रयत्नापर्यंतचा वेळ साधारण दुप्पट करत जाते, त्यामुळे तो सुमारे दहा सेकंद उशिरा उतरला. टीसीपी क्रम राखते, पण एकाच कनेक्शनपुरता. दोन कनेक्शनांमध्ये क्रमाची हमी कोणीच देत नाही.

ग्राहकाच्या प्रोग्रामरांनी पोच न मिळालेले संदेश पुन्हा पाठवण्याची सोय केली, तेव्हा तीच चाचणी पुन्हा घेतल्यावर "भाव 18 धरा" दोनदा दिसले, कारण जुनी प्रतही मागून आली होती. अखेर प्रत्येक संदेशाला पाठवणाऱ्याच्या बाजूनेच ओळखक्रमांक आणि अनुक्रमांक देण्यात आला. आलेला ओळखक्रमांक सर्व्हर पुन्हा साठवत नाही, मात्र त्याची पोच पुन्हा देतो. पोच मूळ प्रतीच्या वेळीच हरवली असेल तर दुसऱ्यांदा पोच दिल्याशिवाय ॲप पाठवतच राहील, म्हणून हा भाग आम्ही वेगळा तपासतो.

या चाचणीला एक मर्यादा आहे. वाय-फायवरून मोबाइल डेटावर जाताना आयपी पत्ता बदलतो, जुन्या सॉकेटवरचा संदेश उशिरा येत नाही तर कायमचा जातो, आणि तेथे पुन्हा पाठवण्याची सोयच कामी येते. म्हणून ती फेरी आम्ही खऱ्या फोनवर, संदेश लिहून पाठवल्याच्या क्षणी वाय-फाय सोडून घेतो आणि शेवटी पडद्याऐवजी डेटाबेसमधील ओळी मोजतो.