टीबी समजून तीन आठवडे गेले, आणि निघाला मेलिऑइडोसिस

माझं वय 54, मधुमेह नऊ वर्षांचा. सिंधुदुर्गात सव्वा एकर भातशेती आहे. जुलैत लावणीचे बारा दिवस मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणग्यात होतो, अनवाणी. टाचांना भेगा होत्या, पण त्या दरवर्षीच असतात. लावणी संपून आठवडा झाला आणि ताप सुरू झाला. संध्याकाळी हुडहुडी भरायची, रात्री घामाने चादर भिजायची, पहाटे बरं वाटायचं. त्यात कोरडा खोकला.

आधी टायफॉइडच्या गोळ्या झाल्या. मग एक्स-रे काढला, तर उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग. मधुमेह, वजन उतरलेलं, रात्रीचा घाम आणि वर डाग, म्हणजे टीबीच, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. थुंकी दोनदा तपासली, सीबीनॅटही केलं, कशातच टीबी सापडला नाही. तरी औषधं सुरू झाली. तीन आठवडे मी ती निष्ठेने घेतली आणि ताप एक दिवसही हटला नाही. मला त्या डॉक्टरांपेक्षा एका गोष्टीचा राग येतो: तपासणीत काही न सापडूनही रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, करू या, असं कुणी म्हटलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी डाव्या बरगडीखाली दुखायला लागलं. सोनोग्राफीत पानथरीत, म्हणजे प्लीहेत, चार-पाच लहान गळवं दिसली. मोठ्या रुग्णालयात दाखल झालो. त्या दिवशी शुगर 380 होती आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी 11.2 आली. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "शेती कुठली? पाण्यात उभं राहून करता का?" अँटिबायोटिक लावण्याआधी त्यांनी दोन्ही हातांतून रक्त घेतलं, शिवाय लघवी आणि घशाचा स्वॅब घेतला. मग प्लीहेतल्या एका गळवातून सोनोग्राफीत बघत सुईने चमचाभर पू काढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिला अंदाज आला: स्युडोमोनास जातीचे जंतू. बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच थांबते आणि त्याप्रमाणे औषध लागतं. पण सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडम स्वतः वॉर्डात आल्या. त्यांना खटकलं ते असं, की हा जंतू जेंटामायसिनला आणि कोलिस्टिनला दाद देत नव्हता, पण ऑगमेंटिनसारख्या साध्या औषधाने मरत होता. नेहमीचा स्युडोमोनास नेमका उलटा वागतो. म्हणून त्यांनी नमुना ॲशडाउन नावाच्या खास माध्यमावर लावला आणि प्लेट लवकर न फेकता तशीच ठेवली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी मला मोबाइलवर फोटो दाखवला. प्लेटवर जांभळे, कोरडे, सुरकुतलेले ठिपके होते, वाळत घातलेल्या आमसुलांसारखे. बर्कहोल्डेरिया स्युडोमॅलाय, म्हणजे मेलिऑइडोसिसचा जंतू. 1911 साली रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांनी हा रोग पहिल्यांदा ओळखला, असं त्यांनी सांगितलं. जंतू आपल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात असतो. भेगेतून शिरतो, वादळी पावसात श्वासातूनही जातो. माझ्यात तो कुठून आला हे सांगता येत नाही, पण वाढलेल्या साखरेने त्याचं काम सोपं केलं हे नक्की. एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली: कल्चर एकदा कोरं आलं म्हणजे हा रोग नाही, असं धरायचं नाही, संशय असेल तर नमुने पुन्हा पाठवायचे.

वॉर्डात असताना कळलं की हा रोग एका चेहऱ्याचा नाही. शेजारच्या खाटेवरच्या काकांची लघवी अडली होती आणि ताप होता. त्यांच्या प्रोस्टेटमध्ये पू झाला होता, तो शस्त्रक्रियेने काढावा लागला. माझी प्लीहेतली गळवं लहान आणि अनेक होती, म्हणून ती औषधानेच जिरवायची ठरलं. पलीकडच्या कोपऱ्यात एक तरुण शेतकरी होता, गेल्या वर्षी त्याचा गुडघा सुजला होता. सुयांचा कोर्स संपवून तो घरी गेला आणि बरं वाटतंय म्हणून महिनाभरातच गोळ्या सोडल्या. आता यकृतात गळू घेऊन परत आला होता. दोघांनाही मधुमेह.

उपचाराचे दोन टप्पे. पहिल्यात सेफ्टाझिडीम 2 ग्रॅम, दर सहा तासांनी शिरेतून. किमान दहा ते चौदा दिवस हा टप्पा असतो, पण आतल्या गळवांमुळे माझा चार आठवड्यांचा झाला. मॅडमनी आधीच बजावलं होतं, "ताप लगेच उतरणार नाही, आठवडाभर घाबरू नका." तरी पाचव्या, सहाव्या दिवशी 102 ताप बघून बायको रडकुंडीला आली आणि भाऊ औषध बदला म्हणून मागे लागला. औषध बदललं नाही. दहाव्या दिवशी पहिल्यांदा रात्रभर अंग कोरडं राहिलं. गणपती त्या वर्षी मी व्हिडिओ कॉलवर बघितला.

दुसरा टप्पा जंतू मुळापासून काढण्याचा, आणि मला तोच जास्त कठीण गेला, कारण तेव्हा माणूस स्वतःला बरा समजत असतो. कोट्रायमोक्साझोल, म्हणजे आपली सेप्ट्रान. वजनावरून मात्रा ठरते. माझं वजन तेव्हा 57 किलो, म्हणून डीएस, म्हणजे दुप्पट ताकदीची, गोळी सकाळी दीड आणि रात्री दीड. सोबत फॉलिक ॲसिड. मुदत किमान तीन महिने.

दर आठवड्याला रक्त तपासायला सांगितलं होतं. मला वाटलं उगाच खर्च, पण दुसऱ्याच आठवड्यात पोटॅशियम 5.8 आलं. ही गोळी पोटॅशियम वाढवते, माझी रक्तदाबाची टेल्मिसार्टनही वाढवते, आणि अशक्तपणा जावा म्हणून मी रोज दोन शहाळी पीत होतो. शहाळी बंद केली, रक्तदाबाची गोळी बदलली, पुढच्या आठवड्यात 4.9. दुसरी गोष्ट साखरेची. ग्लिमेपिराइड आणि सेप्ट्रान एकत्र घेतल्यास साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून मॅडमनी मला आधीच इन्सुलिनवर घेतलं होतं. अंगावर पुरळ उठलं तर गोळी थांबवून लगेच यायचं, हेही सांगितलं होतं. ते मला झालं नाही.

तीन महिन्यांनंतरच्या सोनोग्राफीत प्लीहेत एक डाग उरला होता, म्हणून गोळ्या आणखी दोन महिने चालल्या. त्यानंतर डाग गेला. आता साखरेची तीन महिन्यांची सरासरी 7.1 आहे.

यंदा लावणीला मी गुडघाभर उंचीचे गमबूट घालून उतरलो. चिखलात पाय रुततात, काम हळू होतं. जोरदार वारा-पाऊस असला की मेरेवर थांबतो. टाचांना रात्री व्हॅसलीन. आई तर बांधावरूनच ओरडते, "तुका कितीदा सांगलंय, उघड्या पायांनी उतरू नको!"

गेल्या आठवड्यात वाडीतल्या एकाला ताप आला. मधुमेह आहे, पंधरा दिवस चिखलात होता. दुकानातून आणलेली अँटिबायोटिकची पट्टी त्याने फोडायच्या आत मी त्याला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं आणि चिठ्ठीवर रक्ताचं कल्चर लिहून घेतलं. दोन बाटल्या भरल्या, मग औषध सुरू झालं. आज तिसरा दिवस, रिपोर्ट अजून यायचा आहे.