दोन बाटल्या, एक ड्रॉपर

दुपारी कपाट पुसायला घेतलं आणि दोन बाटल्यांची लेबलं ओल्या फडक्याबरोबर निघून आली. दोन्हींत कार्व्होन, एक वासाचं द्रव्य. एका बाटलीतला पुदिन्याचा, म्हणजे स्पेअरमिंटचा; दुसरीतला कॅरवे या जिऱ्यासारख्या मसाल्याचा, जो शेपूच्या बियांतही असतो. रंग सारखा, वजन सारखं. उकळून बघितलं असतं तर दोन्ही २३० अंशांच्या आसपासच उकळले असते. अणू तेच आणि जोडणीही तीच. फरक एवढाच की एक रेणू दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब आहे. उजवा आणि डावा हात असतात ना, तसं.

वास घेऊन ओळखायचे, त्यात काय एवढं? वासाच्या पट्ट्या बुडवल्या, हुंगल्या. पहिल्यांदा लख्ख कळलं. पण मला एकदा खात्री झाली की पुन्हा खात्री करून घ्यायची खोड आहे. सहाव्या-सातव्यांदा हुंगेपर्यंत नाक दमलं आणि पुदिना कुठला, कॅरवे कुठला, काहीच धड सांगेना.

लहानपणी मला डावं-उजवं कळत नसे. बूट हमखास उलटे घालायची. आई दारात उभी राहून म्हणायची, "काय गं, पायांचं भांडण झालंय का?" मी खाली बघायची. दोन्ही बुटांची टोकं एकमेकांकडे पाठ फिरवून बाहेर बघत असायची. मला दिसायला दोन्ही बूट सारखेच, पण पायाला मात्र बरोबर कळायचं. करंगळी चेपायची. नाकाचंही तसंच आहे. वास ओळखणारी नाकातली प्रथिनं स्वतःच एका हाताची असतात, कारण ती ज्या अमिनो आम्लांची बनतात ती जवळपास सगळी एकाच बाजूची. त्यामुळे डावा रेणू जिथे नीट बसतो तिथे उजव्याची करंगळी चेपते.

कार्व्होन हाताला लागू नये म्हणून मी पातळ हातमोजे घातले होते, एकदा वापरून फेकायचे ते. त्यांत डावा-उजवा नसतो, कुठलाही कुठल्याही हातात जातो. प्रयोगशाळेतली बरीचशी साधनं अशीच. तेलातले घटक वेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीच्या साध्या नळीतून दोन्ही कार्व्होन गळ्यात गळे घालून एकाच वेळी बाहेर पडतात. त्यांना वेगळं करायचं तर नळीला आतून एकाच हाताच्या रेणूचा, बहुधा सायक्लोडेक्स्ट्रिनचा, लेप लागतो. शिवलेला, एकाच हातात जाणारा मोजा म्हणा ना. लॅव्हेंडरच्या तेलातली भेसळ अशीच पकडतात. खऱ्या तेलातला लिनालूल जवळपास सगळा डावा असतो, कारखान्यातला सहसा निम्मा-निम्मा. उजवा भरपूर निघाला की चोरी उघड.

या नाकाच्या गोष्टीवर रसायनज्ञांचा बराच काळ विश्वास नव्हता. नैसर्गिक तेलातून काढलेल्या पदार्थात दुसरं काहीतरी चिमूटभर राहतं आणि वास त्याचाच येतो, अशी शंका असायची. शंका रास्तच होती. एखादा तीव्र वासाचा पदार्थ लाखात एक भाग असला तरी बाकीच्यांना गप्प बसवतो. मग १९७१ साली 'सायन्स'मध्ये याच विषयावरचे शोधनिबंध आले. कार्व्होन अतिशय शुद्ध करून आणि प्रयोगशाळेत बनवूनही बघितला, तरी वास वेगळे ते वेगळेच राहिले. मग भेसळीला दोष देता येईना.

इथे माझी एक जुनी कुरकुर. हा विषय निघाला की कोणीतरी हटकून सांगतं, "तसंच लिमोनीनचं. एक संत्र्याचा, दुसरा लिंबाचा." नाही हो! संत्र्याच्या सालीत आणि लिंबाच्या सालीतही मुख्यतः उजवाच लिमोनीन असतो. लिंबाला लिंबाचा वास येतो तो मुख्यतः सिट्राल या दुसऱ्याच घटकामुळे. आरशातल्या सगळ्याच जोड्या कार्व्होनइतक्या नाट्यमय नसतात. काहींचे वास सारखेच असतात. काहींत एक ठणठणीत बोलतो आणि दुसरा पुटपुटतो. ग्रेपफ्रूटच्या नूटकाटोनमधला उजवा चांगला झणझणीत, डावा अगदी मवाळ.

लिमोनीनची खरी गंमत वेगळीच आहे. संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनवर नायट्रोसिल क्लोराइडची प्रक्रिया करतात, त्यातून ऑक्झाइम नावाचा मधला पदार्थ तयार होतो, तो पाण्याने फोडला की हाती कार्व्होन येतो. आणि तो पुदिन्याचा! संत्र्याची साल आत, पुदिना बाहेर. आणखी मजा म्हणजे एकाच दिशेत थरथरणारा, म्हणजे पोलराइज्ड, प्रकाश आत सोडला तर सुरुवातीचा लिमोनीन त्याची थरथरण्याची दिशा उजवीकडे वळवतो आणि शेवटचा कार्व्होन डावीकडे, पण वाटेत रेणूचा हात बदललेलाच नसतो. प्रकाश कुठे वळतो यावरून हात ओळखता येत नाही, हे मला दोन-तीनदा वाचून मग कळलं. डावं-उजवं ही माझी जुनीच दुखरी नस.

पण कार्व्होनपुरतं प्रकाशाला विचारता येतं. उजवीकडे वळवला तर कॅरवे, डावीकडे तर पुदिना. नाकाला विश्रांती दिली, जुना लॅपटॉप आडवा ठेवून पडदा पिवळा केला, वर काच ठेवली. त्या पडद्याचा प्रकाश मुळातच पोलराइज्ड असतो. पोलराइज्ड गॉगल पडद्यावर धरून फिरवत गेले. एका जागी पडदा काळा ठार झाला. मग सपाट बुडाच्या काचेच्या नळीत पाच सेंटिमीटर कार्व्होन भरून ती काचेवर उभी केली. नळीच्या गोलात उजेड परत आला. गॉगल थोडा उजवीकडे फिरवल्यावर तो गोलही मावळला. म्हणजे कॅरवे! नळी रिकामी करून दुसरी बाटली. या वेळी गोल मावळला डावीकडे. कोणाला तरी हाका मारून दाखवावंसं वाटलं, पण घरात कोणी नव्हतं.

शाळेतला कोनमापक काढला. दहा सेंटिमीटरच्या नळीत शुद्ध कार्व्होन सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाला साधारण ५८ अंश वळवतो, म्हणजे माझ्या नळीत २९. पडद्याचा पिवळा हा सोडियमचा पिवळा नव्हे, त्यामुळे आकड्याचा हट्ट नव्हता. पण पडद्याचा रंग कुठलाही असो, दोन्हींचं वळण सारखंच यायला हवं, फक्त बाजू उलट. कॅरवे आला २८. पुदिना आला २४.

पुन्हा मोजलं. २४.

मग टेबलाकडे लक्ष गेलं. ड्रॉपर एकच होता. नळीही तीच, न धुतलेली. आणि मघाशी कॅरवेची नळी रिकामी केली होती ती नेमकी कुठल्या बाटलीत? शंभर थेंबांत सात जरी परके मिसळले, तरी परका आपल्या उलट वळणाने एका घरच्या थेंबाचं काम पुसून टाकतो. शंभरातले शहाऐंशीच कामाला उरतात आणि २८ चे २४ होतात. हिशेब नको तितका चोख जुळत होता.

किंवा गॉगलच वाकडा धरला असेल. एवढ्या तेवढ्या अंशांचं काय घेऊन बसायचं. नवीन लेबलं लावली. एकावर 'कॅरवे' लिहिलं. दुसऱ्यावर 'पुदिना' लिहून पुढे कंसात 'बहुतेक'.