बघायच्या आधीच डिपॉझिट
आज साइटवर गारखेड्यात वन बीएचके दिसला, भाडं फक्त 6 हजार, मी तर खुशच. मालक म्हणे मी आर्मीत हाय, पोस्टिंग बाहेर, आधी 5 हजार डिपॉझिट टाका मग वॉचमन चावी देईल, नाही आवडला तर लगेच परत. आयकार्डचा फोटो बी पाठवला, न मागताच! म्हटलं बिल्डिंगचं नाव सांगा, भाऊ तिथंच राहतो, तर विषय बदलून क्यूआर पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणे, रिफंड आत्ताच सेट होतो. अरे बाबा, पिन पैसे जाताना लागतो, यायला नाही! मग फ्लॅटचा फोटो गूगल लेन्समधी टाकला, तोच हॉल, तोच निळा सोफा, पुण्याच्या जाहिरातीत 18 हजाराला. लिस्टिंग रिपोर्ट केली. उद्या सिडकोत पायीच फिरतो, टू-लेटच्या पाट्या बघत.