श्वास सोडत… गुडघा पोटाकडे

रविवार, रात्री

आज सकाळचा योगासनांचा वर्ग मोबाइलवर रेकॉर्ड केला. मोबाइल देवळाच्या सभामंडपाच्या खिडकीत ठेवला होता, माझ्या बाजूला तोंड करून. रात्री ओटा आवरल्यावर हेडफोन लावून वही घेऊन बसले.

रेकॉर्ड करायचं कारण, पोस्टातून निवृत्त झालेले काका. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. पवनमुक्तासनात गुडघा छातीशी आला की त्यांचा चेहरा लाल होतो, गळ्याच्या शिरा ताठ दिसतात, आणि पाय सोडताना ‘हाः’ असा मोठा आवाज येतो. माणसाने दम कोंडून ठेवला होता, हे त्या आवाजावरून कळतं. जोर लावताना दम कोंडला की छातीतला दाब वाढतो, रक्तदाब झटकन वर जातो. त्यांच्यासाठी हे अजिबात बरं नाही. तीनदा सांगून झालं होतं. गुरुवारी चौथ्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, मी मुद्दाम रोखत नाही हो. तुम्ही सांगता तसंच करतो.” हे वाक्य तीन दिवस डोक्यातून जात नव्हतं.

रेकॉर्डिंगमध्ये माझंच बोलणं असं आहे: “आता उजवा पाय गुडघ्यात वाकवून, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून, गुडघ्याच्या जरा खाली पकडून, गुडघा छातीजवळ घ्या, श्वास सोडा.” घड्याळ लावून मोजलं. अकरा सेकंद. त्यात ‘श्वास’ हा शब्द दहाव्या सेकंदाला येतो. तोपर्यंत सगळ्यांचे गुडघे छातीशी पोचलेले असतात.

त्याहून मोठी गोष्ट तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आली. “गुडघा छातीजवळ घ्या” म्हटल्याबरोबर मंडपात नाकाने हवा आत ओढल्याचा आवाज येतो, आठ-दहा जणांचा एकदम. अर्ध्या तासापासून मी “श्वास घ्या” म्हणते आहे. कान ‘घ्या’ला सरावलेले आहेत. मी गुडघा घ्यायला सांगते आणि लोक श्वास घेतात. मग लगेच “सोडा” येतं. पोट मांडीखाली दाबलेलं, फुप्फुसं भरलेली, छाती आणि पोटामधल्या पडद्याला खाली जायला जागा नाही, आणि आता नेमकं काय सोडायचं, श्वास की पाय? काका काहीच सोडत नाहीत. थांबून राहतात. ते म्हणतात तसंच आहे, मी सांगते तेच ते करतात.

मराठीत हे ‘घेणं’ आणि ‘सोडणं’ शरीराच्या प्रत्येक हालचालीला लागतं. हात वर घ्या, मान मागे घ्या, पाय जवळ घ्या, खांदे खाली सोडा, डोकं सैल सोडा. बहुतेक वेळा नुकसान होत नाही, कारण हात वर घेताना श्वासही घ्यायचा असतो आणि खाली सोडताना सोडायचाही असतो. शब्द आणि श्वास एकाच दिशेने जातात. उलटं होतं ते पोट दाबणाऱ्या आसनांत. तिथे अवयव जवळ ‘घ्यायचा’ आणि श्वास ‘सोडायचा’.

सोमवार

पहाटे चहा ठेवल्यावर वाक्यं लिहून काढली. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, ऐकणाऱ्याला काय करायचंय ते वाक्य संपल्यावर कळतं. गोष्ट सांगताना हे छान चालतं, पण श्वास वाक्याच्या शेवटापर्यंत थांबत नाही. म्हणून श्वासाचा शब्द पहिला, हालचाल नंतर, आणि क्रियापद टाळता आलं तर टाळायचं. “श्वास सोडत… गुडघा पोटाकडे.” एवढंच. ‘आणा’, ‘ओढा’ काही नाही. पोटाकडे म्हटल्यावर गुडघा तिकडे येतोच.

‘सोडा’ ऐवजी ‘सोडत’ याने इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं. “श्वास सोडा आणि गुडघा जवळ आणा” या दोन आज्ञा आहेत, लोक त्या एकीमागून एक पाळतात. आधी फुस्स करून सगळा श्वास सोडतात, मग रिकाम्या छातीने पाय ओढतात. ‘सोडत’ म्हटलं की दोन्ही कामं एकत्र सुरू होतात आणि एकत्र चालू राहतात. आणखी सावकाश हवं असेल तर “सोडत सोडत”. आपण “बोलत बोलत घरी आलो” म्हणतो, तेव्हा रस्ता आणि बोलणं दोन्ही सोबतच संपतं. मला वर्गात नेमकं हेच हवं होतं.

दुसरा बदल असा की मांडणी वेगळी केली. बोटं कुठे गुंफायची, कुठे पकडायचं, हे सगळं आधी सांगायचं, आणि तेव्हा श्वासाबद्दल अवाक्षर नाही, फक्त “श्वास नेहमीसारखा चालू”. सगळ्यांची पकड झाली हे डोळ्यांनी बघायचं. मग दोन-तीन सेकंद गप्प. त्यानंतर पहिलं श्वासाचं वाक्य.

आज केलं ते असं. पकड झाल्यावर: “एक श्वास आत येऊ द्या.” थांबले. “श्वास सोडत… गुडघा पोटाकडे.” थांबले. “श्वास घेत… गुडघा लांब, हात सरळ होईपर्यंत.” पाय जमिनीवर टेकवायचा नाही, पकड तशीच. उजव्या बाजूने सहा वेळा, मग डावीकडून. काकांचा चेहरा दोनदा पाहिला. लाल नव्हता. शिवणकाम करणाऱ्या ताई मात्र माझ्या पुढे पळत होत्या, माझं ‘सोडत’ संपायच्या आत गुडघा छातीवर.

बुधवार

ताई का पळतात ते आज कळलं. सूचना मी वेळेवर देते, पण वेळेवर म्हणजेच उशिरा. त्यांचा श्वास आत जाऊन संपतो तेव्हा मी तोंड उघडते. “श्वास सोडत” एवढं म्हणायला एक-दीड सेकंद जातो. तेवढा वेळ भरलेली छाती धरून बसायला कोणालाच बरं वाटत नाही. एक तर लोक माझ्या आधी निघतात, नाही तर दम धरून माझी वाट बघतात. ताई निघणाऱ्यांतल्या, काका वाट बघणाऱ्यांतले. चूक एकच.

मग श्वास भरत आलेला असतानाच, शेवटच्या टोकाला, बोलायला सुरुवात केली. ते टोक कसं ओळखायचं? पहिल्या रांगेतल्या कोणाच्या तरी बरगड्यांकडे बघायचं, वर येणं मंद झालं की ‘सोडत’चा ‘सो’ तोंडातून निघाला पाहिजे. मला हे चार-पाच आवर्तनांनंतर जमलं. माझे डोळे माझ्या वहीवर किंवा घड्याळावर असतील तर जमत नाही.

इथे एक अडचण आहे, ती शिकवायला लागल्यापासून मला छळते. माणूस बोलतो ते श्वास सोडताना. वर्ग श्वास घेत असतो तेव्हा मी “श्वास घेत” म्हणते, म्हणजे मी त्या वेळी सोडत असते. मी स्वतः आसन करत, बोलत, वर्गाच्या श्वासाबरोबर राहायला गेले तर दहा मिनिटांत धाप लागते, आणि ती धाप आवाजात उतरते. वर्ग घाईचा होण्याचं अर्धं कारण ते. आता पहिली दोन आवर्तनं करून दाखवते, न बोलता. मग उठून बसते आणि फक्त बघते, बोलते.

मार्जारासनात हे सगळं उघडं दिसतं, म्हणून तेच घेतलं. “श्वास घेत… पोट खाली, नजर समोर.” “श्वास सोडत… पाठ वर, हनुवटी आत.” चेन्नईचे योगशिक्षक देशिकाचार शिकवायचे की श्वासाने हालचालीला कवेत घ्यावं: श्वास किंचित आधी सुरू व्हावा, हालचाल संपल्यावर किंचित उरावा. मी हे वर्गात सिद्धांत म्हणून सांगत नाही. “पाठ थांबली तरी थोडा श्वास शिल्लक आहे का बघा,” एवढंच म्हणते. शिल्लक नसेल तर हालचाल मोठी झाली किंवा श्वास घाईचा झाला. प्रत्येकाला आपलं आपण कळतं.

आकडे मात्र म्हणायचे सोडले. पूर्वी “एक, दोन, तीन, चार” म्हणत श्वास लांबवायला लावायचे. बारा माणसांचे बारा श्वास. कॉलेजच्या मुलाला चार पुरत नाहीत, सत्तरीच्या आजींना तीनही जास्त होतात, आणि त्या चारपर्यंत पोचायला खांदे उचलून हवा ओढतात. खांदे कानाकडे गेले की समजावं, श्वास ताणलेला आहे. पतंजलींच्या सूत्रांत संख्या येते ती प्राणायामाच्या सूत्रात, आणि त्याआधीचं सूत्र ‘तस्मिन् सति’ असं सुरू होतं, म्हणजे आसन साधल्यावर. पाठ हलत असताना मोजायची मला घाई नाही.

शनिवार

आता तीन आवर्तनं माझ्या आवाजाने, पुढची तीन त्यांच्या श्वासाने. मधला सांधा महत्त्वाचा. नुसतं गप्प बसले तर लोक डोळे उघडून माझ्याकडे बघतात, काही चुकलं का म्हणून. म्हणून सांगते, “आता मी बोलणार नाही. श्वास संपला की वळा.” ‘संपला की’ हे मला सापडलेलं सगळ्यात कामाचं शब्दरूप. यात ना आज्ञा, ना आकडा, वेळ ज्याच्या त्याच्या हातात.

एक मर्यादा मात्र लिहून ठेवायला हवी. हे सगळं हलत्या आसनांसाठी. वीरभद्रासनात किंवा त्रिकोणासनात थांबलेलं असताना “श्वास घेत, श्वास सोडत” म्हणत राहिलं तर लोक प्रत्येक श्वासाबरोबर धड हलवायला लागतात, स्थिरता जाते. आसन धरून ठेवल्यावर श्वासाबद्दल एकदाच बोलते: “श्वास संथ चालू राहू दे.” मग पाय, गुडघा, टाच यांच्याबद्दल, तेही थोडं. आणि सगळ्यांना चांगलं वाटत असताना माझंच बोलणं वाढतं, ही सवय अजून गेलेली नाही. आजच्या रेकॉर्डिंगमध्ये शवासनाच्या पहिल्या दोन मिनिटांत मी सात वाक्यं बोलले आहे. तीन पुरली असती.

आज पवनमुक्तासनात माझ्या गप्प होण्यानंतर मंडपात नाकांचा आवाज वेगवेगळ्या वेळी येत होता. कोणाचं सोडणं चालू, कोणाचं घेणं. ताई अजून इतरांपेक्षा भरभर, पण आता त्यांच्या श्वासाबरोबर भरभर, श्वासाच्या पुढे नाही. काकांनी सहावं आवर्तन झाल्यावर पाय खाली ठेवला, ‘हाः’ आला नाही. चपला घालताना ते म्हणाले, “आज तुम्ही घाई नाही केलीत.” मी बरं म्हटलं.

डाव्या बाजूला जाताना मी अजूनही “आता डावा पाय घ्या” म्हणते. रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतं, आणि त्यामागून तीन-चार जणांचा हवा ओढल्याचा आवाज. सोमवारी “आता डावी बाजू” एवढंच.