पान १४, पान १५ आणि हरवलेला 'आन'

मागच्या वेळी लिहिलेलं की शिलाई मशीनचं शटल सेट झालं, आता फक्त पॉलिश राहिलंय. ते विसरा. रविवारी मशीन झिगझॅगवर टाकली आणि तिसऱ्या मिनिटाला सुई कट. उघडून बघतो तर शटलचा क्लॅम्प स्क्रू ढिला, आणि तो ढिला मीच ठेवलेला, तिच्या जर्मन मॅन्युअलचं माझंच भाषांतर वाचून!

माझ्या वहीत पान १४ ची शेवटची ओळ अशी होती: "सुई तळापासून साधारण २ मिमी वर आली आणि शटलचं टोक सुईच्या मागे आलं की स्क्रू पुन्हा ओढा." ओढला, हलला नाही, दिला सोडून.

मूळ जर्मनमध्ये क्रियापद 'त्सीएन', नुसतं असलं तर ओढणे. पण त्याच्यापासून सुटलेला 'आन' वाक्याच्या पार शेवटी जाऊन बसतो, दोन्ही मिळून होतं आवळणे. हा 'आन' गेला पान १५ वर, एकटाच, चित्राच्या डोक्यावर. पानांच्या फोटोंतून मजकूर काढणाऱ्या OCR ने चित्राची ओळ आधी घेतली आणि 'आन' तिच्या खाली टाकला, मला वाटलं कचरा, उडवून टाकला.

आता OCR ला ही कमांड देतोय, तो एकच कॉलम धरतो त्यामुळे क्रम बराच सुधारलाय:

```
tesseract p15.jpg p15 -l deu --psm 4
```

मग पानापानाने भाषांतर बंदच केलं. आधी सगळं जर्मन सलग जोडायचं, मध्ये [[पान १५]] अशी खूण, आणि मग वाक्य धरून मराठी. म्हटलं स्क्रिप्टच लिहू, पुढचं पान लहान अक्षराने सुरू झालं की जोड. पण जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने, म्हणजे मोठं अक्षर दिसलं तरी वाक्य चालूच असू शकतं. पूर्णविरामावर जावं तर पान १८ संपतंय 'आब.' वर, म्हणजे 'आकृती'चं लघुरूप, आणि तिचा नंबर पुढच्या पानावर! शेवटची डॅश काढून शब्द जोडावा तर 'ओबर- उंड उंटरफाडेन', वरचा आणि खालचा धागा, याचं 'ओबरउंड' झालं. इथे डॅश ठेवायचीच असते.

हे लिहितानाच सुचलं, स्क्रिप्ट कशाला? प्रत्येक पानाच्या फाईलखाली पुढच्या पानाचे पहिले तीन शब्द हाताने टाईप करायचे, जुन्या छापील पुस्तकांत पानाच्या तळाला पुढचा शब्द द्यायचे तसं. २६ पानंच आहेत, तासाभराचं काम. जोडलेलं मराठी वाक्य जिथे सुरू होतं त्याच पानावर ठेवणार, कारण आपलं क्रियापद शेवटी, अर्धं इकडे अर्धं तिकडे केलं की वाचणाऱ्याची माझ्यासारखीच गत.

स्क्रू आवळला, नवी सुई घातली, काल मांजरपाटावर दोन मीटर झिगझॅग, एक टाका सुटला नाही. विश्रामबागचे मिस्त्री म्हणाले, "आम्ही मॅन्युअल न वाचताच आवळलं असतं."

फोटोंचं मात्र रडगाणं चालूच. पान २२ ला बाइंडिंगच्या खड्ड्यात ओळींची शेवटची अक्षरं गेलीत, स्कॅनर ॲप काही कामाचं नाही. मिरजेच्या मित्राला सांगितलंय, पानावर काच दाबून परत काढ, आणि दोन समोरासमोरची पानं एकाच फोटोत घे.